नकळत पाजलेली

माणूस मारायचा आणि मग वेड पांघरायचं, ही आमच्याकडच्या पुढाऱ्यांच्या लाडक्या पोरांची जुनी खोड. बद्रीनाथरावांचा अमरसिंह त्यातलाच. दिंद्रुडला लग्नाच्या मांडवात वाढप्या हरिबाने याला उशिरा वाढलं. तेवढ्यावरून हा जीपपर्यंत गेला, कोयता घेऊन परत आला आणि हरिबाच्या मानेवर घातला.

मी सरकारी वकील. माजलगावच्या सेशन कोर्टात आधी वेडाचा कागद आला, घटनेनंतर वीस दिवसांनी काढलेला. कायदा मात्र एवढंच विचारतो की वार करताना, आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे समजायची ताकद आजाराने गेली होती का. याने कोयता लगेच विहिरीत टाकला होता. त्यांचाच डॉक्टर उलटतपासणीत म्हणाला, "त्या दिवसाचं मला सांगता येणार नाही."

वेड गेलं, मग दारू निघाली. आपणहून प्यायलेल्याला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाण होती, असं कायदा धरतो. सुटायचं तर दारू नकळत किंवा मनाविरुद्ध पाजलेली हवी, आणि काय करतोय तेच कळू नये इतकी चढलेली हवी. हे शाबित करायचं आरोपीने. त्यासाठी रविराज साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. अमरसिंहाच्या जीपमध्ये मागे बसणं, हाच याचा धंदा.

"सरबतात मिसळून मीच पाजली. दादाला ठाऊक नव्हतं," त्याने पाठ केलेलं म्हणून टाकलं.

मी उलटतपासणीला उठलो. "म्हणजे तुझ्या दादाला दारूची चव कळत नाही?"

त्याला ते फार लागलं. "दादाला कळत न्हाई? झाकण उघडलं की वासावरून कंपनी सांगतेत दादा."

"मग तू जबरदस्तीने पाजली असशील."

"दादावर जबरदस्ती? कुणाची हिंमत हाय, साहेब?"

मागच्या बाकावर बद्रीनाथरावांची छाती फुगली. त्यांच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. मला हसू आलं आणि त्या लाचारीची किळसही आली.

जन्मठेप झाली. बाहेर पायऱ्यांवर हरिबाची बायको भिवराबाई थांबली होती. मी ऐटीत समजावलं, "त्याला कुणी फसवून पाजली नव्हती. स्वतः प्यायला, म्हणून सुटला नाही."



"आमचे धनी पाणी पाणी करीत पडले व्हते," ती म्हणाली. "मी तांब्या घेऊन पळाले, तर ह्याच रविराजनं हात धरला. पाजू दिलं न्हाई."

तिची साक्ष मीच घेतली होती. हे मी तिला विचारलंच नव्हतं.