प्रश्न चौथा, उपप्रश्न ई

(अ) चार घटकांच्या संचावरचे सर्व समतुल्यता संबंध लिहा. [४ गुण]

पेपर इंग्रजीत होता, उत्तरं मराठीत लिहिली तरी चालत. वर्गात सरला मॅडम मात्र मराठीतच समजावत. भिवंडीच्या त्या कॉलेजात एस.वाय.ला गणित घेणारी चव्वेचाळीस मुलं होती, आणि त्यातली निम्मी इंग्रजी वाक्य संपेपर्यंत खिडकीबाहेरच्या लूमच्या खडखडाटाकडे कान लावून बसत.

"समतुल्यता संबंध म्हणजे गट पाडणं," मॅडम म्हणाल्या होत्या. "एका गटातले सगळे एकमेकांशी जोडलेले. दुसऱ्या गटाशी काही देणंघेणं नाही. एक, दोन, तीन, चार. किती तऱ्हांनी गट पडतील?"

मागून कोणीतरी म्हणालं, "दहा." दुसरा म्हणाला, "सोळा." तिसऱ्या बाकावरची तुळजा खाली मान घालून लिहीत होती. अंजूरची मुलगी, वडील बाळाराम यांची खाडीकडेला शेती. सकाळी रिक्षात पाच जणींत सहावी कोंबून यायची.

"पंदरा," ती म्हणाली.

"कशावरून?"

"सगळे सुटे, तो एक. एकच जोडी बांधली, बाकी सुटे, असे सहा. दोन-दोनच्या जोड्या, तीन. तिघं एकीकडं नि एक बाजूला, चार. नि सगळे एकाच वाट्यात, एक."

"वाटा काय गं, मासळी आहे का?" मागचा म्हणाला.

"तुझ्या डोक्यापेक्षा ताजी हाय," तुळजा म्हणाली, आणि वर्ग हसला. मॅडमही हसल्या.

(आ) वरील संबंध बारीक ते जाड अशा क्रमाने मांडून आकृती काढा. [४ गुण]

सगळ्यात खाली सगळे सुटे. त्यावर एकेक जोडीचे सहा. त्यावर सात. सगळ्यात वर सगळे एकत्र. ज्याचे गट फोडून खालचा मिळतो तो वर, जो फोडून मिळतो तो खाली. मधला एकही टप्पा न गाळता रेषा ओढल्या की एकतीस होतात. फळ्यावर त्या ओढता ओढता सरला मॅडमची खडूची कांडी दोनदा मोडली.

मॅडमची नेमणूक रजेच्या जागेवर होती. एम.एस्सी.ला त्यांनी विश्लेषण घेतलं होतं. हा भाग त्या पहिल्यांदाच शिकवत होत्या. विभागप्रमुख केळकर सरांनी स्टेन्सिलवर काढलेल्या नोट्स दिल्या होत्या. जांभळट शाई, कोपऱ्यात टाचणी. "अकरा वर्षं ह्याच आहेत," सर म्हणाले होते. "बिनघोर शिकवा."

(इ) दोन समतुल्यता संबंधांचा छेद हा त्यांचा मीट असतो, हे सिद्ध करा. [६ गुण]

हे सरळ होतं. दोन्ही संबंधांत जी जोडी आहे तेवढीच ठेवायची. प्रत्येक घटक स्वतःशी दोन्हींत जोडलेला, म्हणून छेदातही. एक-दोन असेल तर दोन-एक दोन्हींत, म्हणून छेदातही. एक-दोन, दोन-तीन दोन्हींत असतील तर एक-तीन दोन्हींत असणारच. म्हणजे छेद पुन्हा समतुल्यता संबंध झाला. आणि जो तिसरा संबंध या दोघांच्याही खाली बसतो, त्याची प्रत्येक जोडी दोघांतही आहे, म्हणून तो छेदाच्याही खाली. तेव्हा दोघांच्या खालच्यांमध्ये सगळ्यात वरचा, म्हणजेच मीट, तो छेदच. झालं.

(ई) याच संबंधांचा जॉइन कोणता ते सकारण सांगा. [४ गुण]

जॉइन म्हणजे मीटच्या उलट, दोघांच्या वरच्यांमध्ये सगळ्यात खालचा. नोट्समध्ये लिहिलं होतं: *त्याचप्रमाणे, जॉइन म्हणजे संयोग.* खाली उदाहरण होतं, गटांमध्ये उभी रेघ घालून. १२|३|४ आणि १|२|३४. दोन्हींच्या जोड्या एकत्र टाका. येतं १२|३४. बरोबर!

सरला मॅडमनी आदल्या संध्याकाळी टेमघरच्या घरी ते उदाहरण जोडीनिशी तपासलं होतं. पटलं होतं. वर्गात तेच फळ्यावर लिहिलं. तेव्हा तुळजाचा हात वर झाला.

"मॅडम, १२|३४ नि १३|२४ घेतले तर?"

तास संपायला दोन मिनिटं होती. हजेरी राहिली होती.

"घरी करून बघ," मॅडम म्हणाल्या.

तुळजानं घरी करून बघितलं. मॅडमनी बघितलं नाही.

आणि मार्चमध्ये उत्तरसूची मॅडमनीच लिहिली. *ई: संयोग. ४ गुण.* चव्वेचाळीस पेपर मॅडमनीच तपासले. त्रेचाळिसांनी संयोग लिहिला होता. एकानं दीड पान भरलं होतं आणि सुरुवातच होती, "संयोग नव्हे." पेपरवर नाव नव्हतं, क्रमांक होता. मॅडमनी सूचीकडे पाहिलं, फुली मारली, शून्य घातलं आणि पुढचा पेपर ओढला.

निकालानंतर

कॉलेजचा नियम असा की तिसऱ्या वर्षाला गणित घ्यायचं तर दुसऱ्या वर्षी गणितात साठ हवेत. तुळजाला छप्पन.

ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. "मॅडम, चार कुठं गेले ते कळंल का?"

मॅडमनी कपाटातून गठ्ठा काढला. पेपर तिला दाखवायची परवानगी नव्हती. पाठमोऱ्या उभ्या राहून त्यांनी तो चाळला, आणि या खेपेला ते दीड पान वाचलं.

एक-दोन नि दोन-एक वेगळ्या धरल्या तर १२|३४ मध्ये आठ जोड्या. १३|२४ मध्ये आठ. प्रत्येकाची स्वतःशी जोडी दोन्हींत आहे, ती चार एकदाच मोजायची. संयोगात बारा. एक-दोन आहे, दोन-चार आहे, पण एक-चार नाही. म्हणून संयोग हा समतुल्यता संबंधच नाही. मग जॉइन कुठून आणायचा? दोघांच्याही वर जे जे बसतात ते सगळे गोळा करा. सगळ्यात वरचा तर असतोच, म्हणून गोळा केलेलं कधी रिकामं नसतं. त्या सगळ्यांचा छेद घ्या. छेद समतुल्यता संबंध असतो हे (इ) मध्ये दाखवलं आहे. तोच जॉइन. इथे वर बसणारा एकच, सगळे एकत्र, सोळाच्या सोळा जोड्या. म्हणून मीटही आहे, जॉइनही आहे, म्हणून हे लॅटिस, म्हणजे जाळं.

खाली लाल शून्य. स्वतःच्या हातचं.

"मी बघते," मॅडम वळून म्हणाल्या. "निरोप देईन, तेव्हा ये."

मॅडमनी ते दीड पान केळकर सरांपुढे ठेवलं. सरांनी पेन्सिल घेतली. बारा जोड्या एकेक करून मांडल्या. एक-चारची जागा रिकामी राहिली तिथे त्यांनी पेन्सिल टेकवली.

"अकरा वर्षं," ते म्हणाले. मग चष्मा काढला. "उदाहरणच असं निवडलं गेलं की गट एकमेकांना शिवतच नाहीत. म्हणून जमलं."

"सर, तिला चार द्यायला हवेत."

"हवेत. कसे?"

"पुनर्तपासणी."

"आपल्याकडे गुणपडताळणी आहे, सरलाबाई. बेरीज तपासतात. शून्याला कोणी हात लावत नाही. आणि गुणपत्रक सहीनिशी गेलंय."

"मी लिहून देते, माझी सूची चुकली."

"द्या. मग बाकीचे त्रेचाळीस? सूची चुकली तर त्यांचे चार कापायला हवेत. नऊ जण नापास होतात, मी आत्ताच पाहिलं. त्यांना संयोग शिकवला कोणी?"

"मी."

"मी," सर म्हणाले. "तुम्ही नुसत्या नोट्स वाचल्या."

"मग दोघांनाही देऊ. त्रेचाळिसांनाही, तिलाही."

"एकाच प्रश्नाला 'संयोग' म्हणूनही पूर्ण गुण आणि 'संयोग नव्हे' म्हणूनही? कागदावर कसं मांडायचं ते तुम्ही सांगा, मी सही करतो."

खिडकीबाहेर कोणीतरी लूमवाल्याला ओरडत होतं, "अरे चाचा, धागा टूट गया!" आणि लूम थांबत नव्हता.

अथवा (कोणताही एक सोडवा)

त्या सगळं लिहून प्राचार्यांना देऊ शकत होत्या.

त्यांनी दिलं. तीन ओळी, आकृतीसकट. प्राचार्य वाणिज्य शाखेचे. त्यांनी आकृती आडवी धरली, उभी धरली आणि म्हणाले, "मॅडम, हे जाळं फार सुंदर आहे, पण माझ्यापुढे नियम आहे." अर्ज पडताळणीकडे पाठवला गेला.

विद्यापीठात कोणाला तरी भेटता येत होतं. त्या गेल्या. पण दुसऱ्या वर्षाची परीक्षा कॉलेजची. तिथल्या खिडकीवर हेच सांगितलं, चार मिनिटांत.

नऊ जणांना नापास करता आलं असतं.

तो दिवस परत आणता आला असता, ज्या दिवशी तास संपायला दोन मिनिटं होती.

पडताळणी

चौदाव्या दिवशी चिठ्ठी आली. *एकूण ५६. बेरीज बरोबर. बदल नाही.* खाली विषयशिक्षकाच्या सहीची रेघ. मॅडमनी सही केली, कारण बेरीज खरंच बरोबर होती.

तुळजा सव्वाअकराला आली. हातात विषय बदलाचा फॉर्म होता. ऑफिसातल्या भाऊ क्लार्कनं 'गणित' वर आडवी रेघ मारून 'रसायन' आधीच लिहून दिलं होतं.

"बस," मॅडम म्हणाल्या.

"न्हाय, रिक्षा थांबलीय. बाबा हायेत त्यात."

"तुझं उत्तर बरोबर होतं. माझी सूची चुकली होती. शिकवतानाही माझं चुकलं."

"माहीत हाय, मॅडम."

"कधीपासून?"

"तुम्ही घरी करून बघ म्हणालात ना, त्याच दिवशी. मोजल्या तर बाराच आल्या."

"मग तेव्हाच येऊन का नाही सांगितलंस?"

तुळजा ओशाळली. "वाटलं तुम्हीपण करून बघितलं असंल. पुढच्या तासाला सांगाल म्हणून वाट बघितली. मग विचार केला, पेपरात ईल नि तेव्हा कळंल."

मॅडमना तिच्या डोळ्यांकडे बघवेना. त्या फॉर्मकडे बघत राहिल्या. "पेपरात नुसतं संयोग लिहिलं असतंस तर चार मिळाले असते. तुला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं."

"मग?"

"बारा मोजल्यावर सोळा कसे म्हणू?" तुळजा म्हणाली. त्यात ताठा नव्हता. गल्लीचा पत्ता सांगावा तसं तिनं सांगितलं.

खालून हॉर्न वाजला. मग बाळारामचा आवाज, "तुळजे, सही जाली का न्हाय?"

"जाली, जाली!" ती जिन्याकडे तोंड करून ओरडली. मग फॉर्म टेबलावर सरकवला आणि बोट ठेवलं. "इथं, मॅडम. जुन्या विषयाच्या शिक्षकाची हरकत नसल्याची."

मॅडमनी पेन उघडलं. छापील ओळ वाचली: *सदर विद्यार्थिनीने हा विषय सोडण्यास माझी हरकत नाही.* पुन्हा वाचली. 'नाही' खोडायला जागा होती. पण खोडलं तर फॉर्म परत येणार, आणि रसायनच्या जागा आज एक वाजेपर्यंतच होत्या. मग तिला रसायनही नाही.

"मॅडम," तुळजा हळूच म्हणाली, "साडेअकरा झाले."

सरला मॅडमनी सही केली.