राखाडी रंगाचे त्रेचाळीस हातपंप

डॅशबोर्ड मीच बनवला आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की मृदुला दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवत होती.

आमची संस्था छोटी. इथे हिंदी मुलखात, प्रेम नगरात एका दाताच्या दवाखान्यावर दोन खोल्या, चार टेबलं. हातपंपांच्या पाण्याची तपासणी एक एजन्सी करते आणि दर महिन्याच्या पाच तारखेला तिचा पीडीएफ अहवाल आमच्याकडे ईमेलने येतो. अठरा पानं, नुसते तक्ते. ब्लॉक म्हणजे तालुक्यासारखा विभाग, मग गाव, पंपाचा नंबर, नमुना घेतल्याची तारीख, फ्लोराइड किती. पूर्वी हे आम्ही हाताने उतरवायचो आणि डोळे फोडून घ्यायचो. मग मी प्रोग्रॅम लिहिला. तो ईमेलमधून पीडीएफ उचलतो, पानापानावरचा तक्ता काढतो, दर पानावर पुन्हा छापलेलं शीर्षक गाळतो आणि सगळं डेटाबेसमध्ये भरतो. रोज सकाळी सहाला बोर्ड आपोआप ताजा होतो. फ्लोराइड लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असेल तर हिरवा, दीडपर्यंत पिवळा, त्यावर लाल, म्हणजे पिण्यायोग्य नाही. प्रत्येक पंपावर स्टिकर आहे, मोबाइल धरला की रंग दिसतो. मला याचा भारी गर्व होता.

बुधवारी सकाळी दुर्गादीदींचा फोन आला. बरुआसागरच्या पुढे एका वस्तीत त्या अंगणवाडी चालवतात. स्टिकरवर माझाच नंबर छापलाय.

"दीदी, आपका बोर्ड कह रहा है पिछले महीने बारह तारीख को हमारे नल का पानी जाँचा गया. बारह को मैं दिन भर यहीं थी. कोई नहीं आया."

"आया होगा दीदी, आपने देखा नहीं होगा."

"नल मेरे दरवाज़े के सामने है. छब्बीस बच्चे इसी का पानी पीते हैं. मैं नहीं देखूँगी तो कौन देखेगा?"

मी जरा तोऱ्यातच फोन ठेवला. बोर्ड चुकत नाही, असं मला वाटत होतं. तरी मी पीडीएफ उघडला. सात महिन्यांत पहिल्यांदा, स्वतःच्या डोळ्यांनी. अकराव्या पानावर दुर्गादीदींचा पंप होता. नंबर छापलेला, तारखेचा रकाना रिकामा, फ्लोराइडचा रकाना रिकामा. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं, 'रिकामी जागा म्हणजे नमुना घेतला नाही.' ती ओळ तक्त्याबाहेर होती, म्हणून माझ्या प्रोग्रॅमने ती कधी वाचलीच नव्हती.

मग बोर्डावर या पंपापुढे दिसणारं ०.७४ फ्लोराइड आलं कुठून? उत्तर मला लगेच कळलं. एजन्सी ब्लॉकचं नाव प्रत्येक ओळीत छापत नाही. पहिल्या ओळीत एकदा, खाली मोकळं. म्हणून मी प्रोग्रॅमला सांगितलं होतं की रिकामा रकाना दिसला की वरचं खाली उतरव. हे फक्त ब्लॉकच्या रकान्यासाठी सांगायचं होतं. घाईत मी अख्ख्या तक्त्याला सांगून बसले. न तपासलेल्या पंपाला वरच्या गावाची तारीख मिळाली, वरच्या गावाचं फ्लोराइड मिळालं आणि वरच्या गावाचा हिरवा रंग मिळाला. मी लावलेली तपासणीसुद्धा खूश होती, पीडीएफमध्ये सहाशे बारा ओळी, डेटाबेसमध्ये सहाशे बारा. ओळी मोजल्या, आत काय आहे ते मोजलं नाही.

मी सातही महिन्यांचे अहवाल काढून बसले. या महिन्याच्या अहवालात त्रेचाळीस पंप न तपासलेले. त्यांतले एकोणीस तर एप्रिलपासून एकदाही नाही, आणि दुर्गादीदींचा त्यांतलाच. सात महिने ती मुलं माझ्या हिरव्या रंगावर विश्वास ठेवून पाणी पीत होती. मला माझीच भयंकर लाज वाटली.

परागजी आमचे प्रमुख. वडील रेल्वेत, नागपूरहून बदलीवर आलेले, त्यामुळे मराठी इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या लक्ष्मी गेटच्या मराठी घराण्यांपेक्षा शुद्ध, आणि ते हे विसरू देत नाहीत. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"शुक्रवारी कलेक्टरेटमध्ये बैठक आहे, मृदुला. बोर्ड मोठ्या पडद्यावर लागणार. आणखी दोन जिल्ह्यांचं काम मिळायचं आहे. सोमवारी दुरुस्त कर."

"सोमवारपर्यंत मुलांनी तेच पाणी प्यायचं का?"

"सात महिने प्यायलीच ना, अगं. आणि खापर तुझ्यावर कशाला? एजन्सीने रिकामे रकाने ठेवले. त्यांचा अहवाल अधुरा होता असं लिहू."

इथे माझं डोकं फिरलं. "त्यांनी खरं लिहिलंय जी. माहीत नाही तिथे मोकळं सोडलं. खोटं मी भरलं."

"तू नाही, प्रोग्रॅमने."

"प्रोग्रॅम काय आभाळातून पडला?"

गुरुवारी दुपारी मी ती एक ओळ बदलली. वरचं खाली उतरवायचं ते फक्त ब्लॉकच्या रकान्यात. सातही पीडीएफ नव्याने चालवले. तर नवीनच अडचण. रिकाम्या पंपाला दाखवायला माझ्याकडे रंगच नव्हता. हिरवा, पिवळा, लाल. 'माहीत नाही' असं बोर्ड म्हणूच शकत नव्हता, कारण तसं कधी म्हणावं लागेल हे आमच्यापैकी कुणाच्या मनातच आलं नव्हतं. मी राखाडी जोडला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'एप्रिलपासूनचे काही आकडे चुकीचे दाखवले गेले. चूक आमची आहे.' खाली माझं नाव.

"उद्या सहाचा रिफ्रेश बंद कर, जुनाच बोर्ड दिसू दे," परागजी म्हणाले.

"मी नाही करणार. पासवर्ड तुमच्याकडेही आहे. तुम्ही करा. कुणी बंद केलं ते नावानिशी नोंदलं जातं, तेवढं फक्त सांगते."

ते म्हणाले, "शुक्रवारनंतर तू इथे असशीलच असं समजू नकोस."

"नाही समजत," मी म्हटलं.

रिफ्रेश कुणी बंद केला नाही. शुक्रवारी पडद्यावर जिल्हा उघडला आणि हिरव्यात त्रेचाळीस राखाडी ठिपके. कलेक्टर साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"ये क्या है?"

मी उठले. "सर, ये वो नल हैं जिनका पानी जाँचा ही नहीं गया."

"पिछले महीने तक तो सब हरा था."

"हरा मैंने कर दिया था, सर. ग़लती से. एजेंसी की रिपोर्ट में जगह ख़ाली थी."

खोलीत कुजबुज झाली. साहेब वैतागले होते, आणि त्यांचंही बरोबर होतं. "ये ऊपर तक जाएगा. फ़िलहाल ये रंग हटा दीजिए, अगले महीने देखेंगे."

"मैं नहीं हटा सकती, सर."

"क्यों? आप ही ने लगाया है न?"

"लगाया मैंने है. हटेगा सिर्फ़ एक तरीक़े से. नमूना लीजिए. अगली रिपोर्ट में नंबर आएगा तो अपने आप हट जाएगा."

साहेबांनी बैठकीला आलेल्या एजन्सीच्या माणसाकडे बघितलं. त्या माणसाने वहीत त्रेचाळीस असा आकडा लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ मारली.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला दुपारी अहवाल आला. नोकरी अजून होती. परागजी माझ्याशी फक्त ईमेलवर बोलत होते. प्रोग्रॅमने त्याचं काम केलं, पण आता मी त्याच्या मागोमाग पीडीएफ उघडून स्वतः वाचते. अकरावं पान. दुर्गादीदींचा पंप. तारीख होती, खरी. फ्लोराइड २.३.

बोर्डावर तो दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लाल होणार होता. मी सहाची वाट पाहिली नाही. फोन उचलला.

"दीदी, मृदुला बोल रही हूँ. बच्चों को उस नल से हटाइए. अभी."