अर्ध्या पानाची जोडी

मोहफुलांचे दिवस तोंडावर आले होते. सावली तालुक्यातल्या एका गावाच्या समाजमंदिरात दुसऱ्या दिवशी कार्यशाळा होती. फुलं वेचायला जाताना वाघापासून जपायचं कसं, हा विषय. पाच गावांच्या बाया आणि जंगलखात्याचे गार्ड येणार होते. कोणी कोणाला ओळखत नव्हतं, निदान कार्यशाळा घेणाऱ्या नंदिनीची समजूत तशी होती.

ती आणि तिचा सहकारी लोकेश दुपारी ओट्यावर बसून पहिल्या दहा मिनिटांचं ठरवत होते.

"ताई, नाव सांगून त्याच अक्षराचा प्राणी सांगायचा. मजा येते," लोकेश म्हणाला.

"आणि एखादी वनिता असली तर? तिनं वाघ म्हणायचं?"

लोकेशनं वहीतला तो खेळ खोडला.

सुरुवातीला ज्या बाईच्या तोंडून शब्द निघत नाही ती दिवसभर मुकी राहते, हे नंदिनीनं कितीदा पाहिलं होतं. पण एकदम सगळ्यांसमोर बोल म्हटलं तर ती आणखीच बुजते. म्हणून आधी दोघादोघांत बोलायचं, मग प्रत्येकानं आपल्या जोडीदाराची ओळख करून द्यायची. प्रश्नही असा, की ज्याचं उत्तर चुकूच शकत नाही: जंगलातून आणलेलं तुमच्या घरी काय आवडीनं खातात?

"जोड्या कशा पाडायच्या?"

"पळसाची पानं अर्धी फाडून वाटू. ज्याचं ज्याच्याशी जुळलं, ती जोडी."

"बायांले गार्डसोबत बसवता? आधी बायाबायांतच बसू द्या ना."

"मग दिवसभर गार्ड खुर्चीवर आणि बाया सतरंजीवर. तेच तर मोडायचंय."

"गावात थोडी विचारपूस करून येऊ का? कोणाचं काय, कसं?"

"आता कुठं, लोकेश? अजून चार्टही लिहायचेत," ती म्हणाली, आणि विषय संपला.

सकाळी खेळ रंगला. बाया पानं हातात धरून फिरत होत्या, तुकडे जुळवत होत्या, हसत होत्या. सुनिल नावाचा तरुण गार्ड एका बाईसमोर उभा राहिला. "बाई, हे तुमच्या पानाले जुळते का?"

पान जुळलं. बाईनं वर पाहिलं, हातातला तुकडा खाली टाकला आणि ती सरळ दाराबाहेर गेली.

खेळ लोकेशवर सोपवून नंदिनी मागे धावली. ती बाई, बायनाबाई, हँडपंपाजवळ उभी होती, पदराचं टोक दातात धरून.

"तुम्ही म्हणता सारे अनोळखी. मी ओळखते त्याले. मागच्या मोहाले हाच आला होता आमच्या गावात. म्हणे, वाघ नाल्यापलीकडं गेला, जा बिनधास्त. माही नणंद गेली, ते परत आलीच नाई." तिनं दाराकडे हात केला. "त्याले मी आठवतही नाई."

नंदिनी तिच्याजवळ गेली. "जबरदस्ती नाही, बाई. घरी जायचं तर लोकेश पोचवून देईल. आत यायचं तर वाटेल तिथं बसा. बोललं नाही तरी चालेल."

"हे आधी काऊन नाई सांगतलं?"

"सांगायला हवं होतं," नंदिनी म्हणाली.

दारात सुनिल उभा होता. त्यानं आत कोणाला तरी बाईचं गाव विचारलं असावं. चेहरा पांढरा पडला होता. "मॅडम, मी जाऊ का?"

हो म्हणणं सोपं होतं. नंदिनीनं बायनाबाईकडे पाहिलं.

"तो काऊन जाईन?" बाई म्हणाली. "तो गेला तं वाघाचं कोण सांगन?"

ती आत आली आणि बुधरी नावाच्या दुसऱ्या गावच्या बाईजवळ बसली. दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. नंदिनीनं सगळ्यांना सांगितलं, "ज्याला बोलायचं नसेल त्यानं नुसतं 'पुढे' म्हणावं." फार उशिरा सांगतेय, हे तिला बोलतानाच टोचत होतं.

ओळखी सुरू झाल्या. सुनिलची पाळी आली तेव्हा तो 'पुढे' म्हणाला. मग बुधरी उठली. "या बायनाबाई. यायच्या घरी सात्या, म्हणजे अळंब्या, लय आवडते. त्या कोणत्या वारुळापाशी उगवते ते यायच्या नणंदेलेच माहीत होतं. आता आणणारं कोणी नाई."

ज्या प्रश्नाचं उत्तर चुकूच शकत नाही, तो प्रश्न नंदिनीच्याच अंगावर आला होता. ती काही बोलणार, तेवढ्यात बायनाबाईच बोलली, सुनिलकडे बघून.

"गार्डसाहेब, यंदा वाघ कुठी आहे?"

सुनिल उभा राहिला. "मले नक्की माहीत नाई, बाई. ठसे दिसले, पण आता कुठी असन, नाई सांगता येत."

"मंग गावात तसंच सांगत जा."

तो मान खाली घालून उभाच राहिला. त्याला बस म्हणावं की नाही, नंदिनीला कळेना. शेवटी बुधरीनंच सतरंजीवर थोडं सरकून जागा केली, आणि तो बसला, बायनाबाईपासून दूर, कडेला.