थोरल्याची कोरी ओळ

"बाबा दत्तक होते म्हणे! आत्या गावभर सांगत सुटलीय," संदेश चिडून म्हणाला.

त्याच्या घराण्याचा वंशावळ-तक्ता मी करतेय. गुहागरच्या जन्मनोंदवहीतून आत्यासकट सगळी धाकटी भावंडं उतरवून झाली होती. थोरल्याची, म्हणजे त्याच्या बाबांची, ओळ तेवढी कोरी होती; आत्याने त्यावरूनच दत्तकाचं उठवलं होतं. वैतागून मी आजी-आजोबांची विवाहनोंद पुन्हा वाचली. वधूचं गाव हेदवी.

मी कपाळावर हात मारला. पहिल्या बाळंतपणाला मीसुद्धा माहेरीच गेले होते की!

हेदवीच्या नोंदवहीत बारसं व्हायच्या आधीचा, बिननावाचा मुलगा सापडला. आईबाप तेच.

संदेशने मोठा श्वास सोडला आणि फोन लावला. "आत्या, तुझा थोरला अजिंक्य कुठे जन्मला गं? आमच्याच घरी ना?"