आवडाबाईच्या अंगणातलं बेसिन

"हात नको लावू गो, डाग पडल."

शेवंतीच्या कानात हा आवाज अजून तसाच होता. नौपाड्याच्या त्या बंगल्याची मागची पडवी, आईच्या डोक्यावरून नुकतीच खाली आलेली मासळीची टोपली, आणि भिंतीवरचं ते बेसिन. दुधावरच्या सायीसारखं पांढरं. शेवंती तेव्हा एवढीशी होती. तळहाताला बोंबलाचा ओशटपणा, नखांत खवले. बिचकत तिनं नळाकडे हात नेला, आणि आईनं, आवडाबाईनं, तो मधल्या मधे धरला. बंगल्यातल्या बाई आत होत्या, त्यांनी पाहिलंही नव्हतं. बोलली ती आईच. मग दोघी मागच्या विहिरीशी गेल्या, दगडावर हात घासले आणि कोपरीच्या घराच्या वाटेला लागल्या.  शेवंतीच्या मनात ते पांढरं भांडं तेव्हापासून राहायला आलं, ते गेलंच नाही.

त्या गोष्टीला पुष्कळ पाणी खाडीतून वाहून गेलं. शेवंतीचं लग्न झालं, नवरा गोपीनाथ आवडाबाईकडेच राहून नळजोडणीचं काम करू लागला, आणि आवडाबाईच्या कुडाच्या घराच्या जागी हळूहळू विटांची भिंत उभी राहिली. शेवटी न्हाणीघर तेवढं बांधायचं उरलं. अशात, एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर, नौपाड्याचा बंगला पाडायला घेतला आणि तिथले नळ काढायला गोपीनाथलाच बोलावलं. संध्याकाळी तो परतला तो हातगाडीसोबत. गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेलं, ते बेसिन.

"मुकादम म्हणाला, घेऊन जा, नाहीतर फुटणारच आहे," गोपीनाथ म्हणाला. "पण आधी बघ. मग मला बोलू नकोस."

शेवंतीनं गोणपाट सोडलं आणि तिचा हात थबकला. सायीचा रंग कुठे होता? नळाच्या भोकापासून खालच्या जाळीपर्यंत गंजाचा एक लांब ओघळ उतरला होता, जुन्या खिळ्याच्या डागासारखा तांबूस-काळा. बाजूनं, पाणी साचायचं त्या उंचीवर, पिवळं कडं. बोअरचं खारं पाणी, गंजलेला लोखंडी नळ आणि गळका वॉशर, तिघांनी मिळून वर्षानुवर्षं ते सारवलं होतं.

"हे कसलं गो आणलंय ह्यानं," आवडाबाई ओट्यावरून म्हणाली. तिनं एकदाच पाहिलं आणि मान फिरवली. "पान खाणाऱ्या म्हाताऱ्याचे दात बरे."

गवंडी त्र्यंबक दुसऱ्या दिवशी न्हाणीचं माप घ्यायला आला. त्यानं बेसिनवर नखानं टकटक केली, वाकून आत पाहिलं, आणि हसला.

"वहिनी, हे भिंतीला लावलंत तर पाहुणा हात धुवायच्या आधी परत जाईल. त्यापेक्षा मला द्या. हातोडीनं तुकडे करतो, न्हाणीच्या फरशीत बसवतो. पांढऱ्या चिनीच्या तुकड्यांची फरशी, काय झकास दिसते."

"पांढऱ्या," गोपीनाथ म्हणाला. "हे पांढरं आहे होय?"

"उलटी बाजू पांढरीच आहे ना. डाग खाली, सिमेंटात."

शेवंतीला ते ऐकवेना. "शनिवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "डाग गेले तर भिंतीवर. नाही गेले तर करा काय करायचं ते."

"शनिवारी हातोडी घेऊन येतो," त्र्यंबक म्हणाला. "ब्रॅकेट पण आणतो. जे लागेल ते वापरू."

बेसिन अंगणात दोन विटांवर ठेवलं. शेवंतीनं पहिल्याच दुपारी पितळेच्या भांड्यांसारखी विटेची पूड आणि नारळाचा काथ्या घेतला आणि जी घासायला लागली ती दम लागेपर्यंत. पितळेवर चमक यायची, इथे ती गेली. ओघळाशेजारी गुळगुळीत काचेसारखी झिलई होती तिथे बारीक रेघा उठल्या, आणि त्या रेघांत मळ आणखी चांगला बसला. गोपीनाथ घरी आला तेव्हा त्यानं बोट फिरवून पाहिलं.

"वरची काच खरवडतेयस. असं घासलंस तर उद्या नवे डागही इथेच येऊन बसतील."

मग शेजारणीनं ब्लीचिंग पावडर दिली, पाण्याच्या टाकीत टाकतात ती. शेवंतीनं ती कालवून सारवली. मळकट थर थोडा उजळला, पण गंजाचा ओघळ मात्र काही केल्या ढळेना, उलट जास्तच गडद भासू लागला. बाजूचं पांढरं झालं म्हणून की खरंच गडद झाला, तिला कळेना. 

"कलई उजळवायला सांगितली नि काळी झाली," ओट्यावरून आवडाबाई म्हणाली. ती खाली बसून बिंबल्या चिरत होती. बिंबली म्हणजे बोटभर लांबीचं हिरवं आंबट फळ, झाडाच्या खोडाला घोसानं लटकणारं, माशाच्या कालवणात टाकायचं. आवडाबाईच्या परसात त्याचं जुनं झाड होतं. वर्षाच्या बिंबल्या ती मीठ लावून, पिळून, उन्हात वाळवून ठेवायची. सुरी चालत होती आणि तिच्या तोंडी एक ओवी चालत होती, नेहमीची:

माझ्या शिडाला गं बाई, कडीची लागली नजर,
काढाया आली बिंबली, घेउनी मिठाचा पदर.

"ॲसिड आणू का?" शेवंतीनं गोपीनाथला विचारलं. "हार्डवेअरवाला देतो ना बाटलीत."

"आणायला काय, मी देतो की. पण आज नाही," गोपीनाथनं बेसिनच्या कडेला हात टेकला. "आत्ताच पावडर लावलीस. तिच्यावर ॲसिड पडलं तर जो वायू सुटतो ना, त्यात श्वास घेता येत नाही. आधी हे पाण्यानं धू. बादल्याच्या बादल्या ओत, वास जाईपर्यंत. मग बघू."

दोघांनी मिळून बेसिन धुतलं, पाणी जपून वापरायचे दिवस असूनही. ओतलं, पुसलं, पुन्हा ओतलं. पावडरीचा वास विरला. ओघळ जिथल्या तिथे. गोपीनाथनं जाळीचं भोक चिंधीनं घट्ट बंद केलं, म्हणाला, "उद्या पाणी साठवून बघू, कुठे गळत तर नाही." आणि तो हातपाय धुवायला गेला.

शेवंती तिथेच बसली. तिला बंगल्यातली पडवी आठवली, विहिरीचा दगड आठवला. मनात म्हणाली, उद्या एकच दिवस, परवा हातोडी.

आवडाबाई तेवढ्यात उठली. मीठ लावून पिळलेल्या बिंबल्यांचा चोथा आणि खाली साचलेलं आंबट पाणी भरलेलं भांडं तिनं उचललं, अंगण ओलांडलं आणि सारं बेसिनात रिकामं केलं. थप्पकन आवाज झाला.

"आये, ते काय गं?"

"काय म्हणजे. उकिरडा लांब हाय. हे पण उकिरडाच नाय का?" म्हातारीनं चोथा हातानंच ओघळावर दाबला, भांड्यातलं उरलेलं आंबट पाणी वर शिंपडलं, जुनं ओलं फडकं त्यावर टाकलं आणि मान न वळवता आत गेली.

शेवंतीला वाईट वाटलं. बेसिन नको होतं तर नको म्हणायचं, त्यात कचरा टाकायचा?  रात्रीचं कालवण मात्र आंबट झालं होतं, नेहमीसारखं.

सकाळी ती उकिरडा आवरायला म्हणून फडकं उचलायला गेली, आणि उचलून तशीच उभी राहिली. बिंबल्यांच्या फोडी बसल्या होत्या तिथे, ओघळाच्या मधोमध, पांढरी बेटं उठली होती. फोडीच्या आकाराची.  तिनं चोथा हळूच बाजूला केला. तळाशी, जिथे आंबट पाणी साचलं होतं, गंजाची सारी तांबूस पूड सुटून पाण्यात उतरली होती आणि पिवळं कडं वितळून मऊ झालं होतं. आणि एकदम आठवली ती ओवी. शिडाला कडीची नजर! बाबांच्या होडीचं शीड, लोखंडी कड्यांपाशी तांबारलेलं, आणि बिंबलीच्या फोडीनं घासून आई ते उन्हात धरायची. आयुष्यभर ऐकलेली ओवी, आज तिला तिचा अर्थ कळला.

त्या दिवशी तिनं परसातलं झाड अर्धं रिकामं केलं. बिंबल्या ठेचल्या, मीठ घातलं, रस काढला. तळाशी रस पडून राहायचा, पण उतारावरचा ओघळ काही भिजून राहत नव्हता. म्हणून तिनं जुन्या साडीच्या पट्ट्या रसात बुडवून त्यावर चिकटवल्या, आणि वाळायला लागल्या की पुन्हा भिजवल्या. घासणं नाही, नुसतं थांबणं. सावलीचा तुकडा अंगणातून सरकत गेला. पट्टी सोलली की ओघळ फिका. पुन्हा पट्टी, पुन्हा फिका. गोपीनाथ कामावरून आला, पाण्याची बादली नि मऊ फडकं घेऊन तिच्याशेजारी बसला. ती सोलत गेली, तो धूत गेला, आणि त्या धुण्यातून हळूहळू वर आली ती साय. तीच. दुधावरची.

विटेनं खरवडलेली जागा मात्र तशीच राहिली. उजेड तिरका पडला की एक पुसट करडी रेघ दिसायची. "ती माझी," शेवंती म्हणाली. "तेवढी राहू दे."

शनिवारी त्र्यंबक आला. खांद्यावर हातोडी, पिशवीत ब्रॅकेट. अंगणात शिरताच त्यानं हातोडी खाली ठेवली.

"हे दुसरं आणलंत का वहिनी?"

"तेच."

तो वाकला, आत पाहिलं, बोट फिरवलं, नखानं टकटक केली. "हे तोडायला मला रुपये दिले असते तरी मी तोडलं नसतं," तो म्हणाला. "आणा इकडे, भिंतीला लावतो. माझ्या फरशीला मी दुसरीकडून तुकडे बघतो."

"नवा नळ लावणार आहे, पितळी," गोपीनाथ म्हणाला. "वॉशरही नवा. थेंब जरी गळला तरी डाग पुन्हा येईल, सांगून ठेवतो. रोज पुसून घ्यायचं."

"पुसीन," शेवंती म्हणाली. "पुसायला काय, ओवी म्हणत पुसीन."

संध्याकाळी बेसिन भिंतीवर चढलं. पहिल्यांदा नळ गोपीनाथनं सोडला, पाणी पांढऱ्या काचेवरून घरंगळत जाळीत गेलं, आणि शेजारची बायामुलं दारात येऊन उभी राहिली. कोणी "बघू बघू" म्हणालं, कोणी "कसलं चकाकतंय" म्हणालं. शेवंतीचं मन भरून आलं. ती वळली. "आये, ये ना. तू आधी."

आवडाबाई खाडीवरून आली होती. टोपली दारात ठेवलेली. तळहाताला ओशटपणा, नखांत खवले. ती पुढे आली, आणि तिचे हात नळाच्या अलीकडे अडखळले. शेवंतीनं ते धरले नाहीत, नुसती वाट पाहिली. मग पाणी त्या सुरकुतलेल्या तळव्यांवर पडू लागलं. म्हातारी बराच वेळ हात धूत राहिली. एक एक बोट, एक एक नख. खवले पांढऱ्या काचेवर चमकून वाहून गेले. डाग पडला नाही.

"बिंबल्या मी मुद्दाम टाकल्या व्हत्या गो," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "सांगितलं असतं तर तू इचारलं असतंस, कशाला आये, तुला तर नको हाय."

शेवंतीनं खांद्यावरचं फडकं तिच्यापुढे धरलं.

"त्या दिवशी बाई आत होत्या," आवडाबाई म्हणाली. तिनं नळ बंद केला, पण हात तिथेच ठेवले. "तुझा हात मी धरला. पण गो, मना बी तिथंच हात धवाचे व्हते."