हे आपल्यातच राहतं ना?

कानाच्या दवाखान्यात माझं काम बोलायचं, आणि तेही तोंड न उघडता. दवाखान्याच्या वेबसाइटच्या कोपऱ्यात हिरवी खिडकी उड्या मारत असते ना, 'नमस्कार, काय मदत हवी?' म्हणत, तिच्यामागे मी बसतो. पन्नाशीचा, पोट सुटलेला, शेजारच्या खुर्चीवर गुपचूप फुगा ठेवून मजा बघणारा माणूस. ऑफिसात मला 'उचापतीकाका' म्हणतात. त्यात खोटं काही नाही.

शेजारच्या टेबलावर ढापणी. चष्मा एवढा मोठा की आधी चष्मा आत येतो, मग ती. आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर मॅडम. मॅडमचा नियम साधा: लोक तेच तेच विचारतात, आपण तेच तेच उत्तर द्यायचं. त्यासाठी बटणं करून ठेवलीत. 'वेळ काय?' हे बटण. 'मशीन केवढ्याला?' ते बटण. आणि 'हे खाजगी आहे का?' याला दोन बटणं.

पहिलं बटण: 'निश्चिंत राहा! आपला संवाद शंभर टक्के गोपनीय आहे!' मागे दोन फुलं.

दुसरं बटण वकिलाने लिहिलेलं. ते वाचून मला स्वतःलाच आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटतं. 'सदर संवादाची नोंद ठेवली जाऊ शकते, त्रयस्थ पक्षास उघड केली जाऊ शकते...' खाली आणखी चौदा ओळी. कान दुखत नसला तरी दुखायला लागेल.

एका दुपारी ढापणीच्या खिडकीत आला पाहुणा एक्केचाळीस. नाव आम्हाला दिसत नाही. ज्या मशीनवरून माणूस येतो त्या मशीनला एक नंबर चिकटतो, तेवढंच.

'नमस्कार.. एक विचारायचं होतं.. हे आपल्यातच राहतं ना..'

ढापणीने पहिलं बटण दाबलं. शंभर टक्के, दोन फुलं.

'मग खाली बारीक अक्षरात नोंद ठेवतो असं का लिहिलंय..'

ढापणी माझ्याकडे बघायला लागली. "काका, याला काय सांगू?"

"खरं सांग."

"खऱ्याचं बटण कुठंय?"

तोवर पाहुणा गेला होता.

दोन दिवसांनी तोच नंबर, तीच वेळ, तेच दोन-दोन ठिपके. या वेळी माझ्या खिडकीत. 'नमस्कार.. हे आपल्यातच राहतं ना..' मी हाताने लिहायला घेतलं, तेवढ्यात मॅडम मागे येऊन उभ्या.

"काका, परवा पहिल्या बटणावर याने वाद घातला ना? मग दुसरं दाबा. नियमात बसतं."

"मॅडम, पळून जाईल तो."

"दाबा हो."

दाबलं. वकिलाचे पंधराच्या पंधरा तोफगोळे. पाहुण्याच्या बाजूला तीन ठिपके हलले, थांबले, हलले, विझले. गेला. मी कीबोर्डवर एवढ्या जोरात मूठ आपटली की कुठल्यातरी बिचाऱ्याला 'ककककक' असं उत्तर गेलं.

लोकांना काय कळत नाही होय? आमच्यात एखादी गोष्ट वहिनीला 'कुणाला सांगू नको' म्हणून सांगितली, की ती गोष्ट आपल्या आधी घरी पोचते. म्हणून तर आम्ही वहिनीला सांगताना जपून सांगतो. माणसाला सगळं गुप्तच हवं असतं असं नाही. कुणाकुणाच्या कानावर जाणार एवढं त्याला आधी कळलं, तर काय बोलायचं ते तो बघून घेतो. एवढी साधी गोष्ट, पण बटणात बसत नाही.

मग मी उचापत केली.

मॅडम जेवायला गेल्यावर घरून पाहुणा बनून यायची जबाबदारी मी माझ्या बायकोला दिली. तिने ढापणीला विचारलं, 'हे खाजगी आहे का?' ढापणीने शंभर टक्के आणि दोन फुलं दिली. मग बायकोने मी सांगितलेलं लिहिलं: 'तुमच्या मॅडम जेवल्यावर टेबलाखाली चपला काढून डुलक्या घेतात आणि घोरतात. माझ्या कानाला त्याचाच त्रास आहे.'

शुक्रवारी मॅडम आठवड्यातले काही संवाद काढून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात, कुठे चुकलं ते दाखवायला. माझं नशीब थोर, नेमका तोच निघाला. मॅडम जोरात वाचायला लागल्या, 'चपला काढून'पर्यंत आल्या आणि गाडी रुळावरून घसरली. ढापणी चष्मा पुसत टेबलाखाली गेली.

"हे कुणी लिहिलं?"

"मॅडम, ते खाजगी आहे," मी म्हणालो. "शंभर टक्के. दोन फुलंसुद्धा आहेत."

मला वाटलं आता तरी पटेल. कुठलं काय! मॅडम म्हणाल्या, "काका, मी घोरत नाही. आणि बटणं आहेत तीच राहतील. मंजूर उत्तर सोडून काही लिहिलंत तर संवादाला लाल खूण, आणि तीन लाल खुणा झाल्या की खिडकी बंद, तुम्ही पुढे काउंटरवर." दोन माझ्या खाती आधीच होत्या. भिंतीवर डोकं आपटावं तर भिंतीलाच टेंगूळ यायचं.

सोमवारी दुपारी एक्केचाळीस नंबर पुन्हा आला.

'नमस्कार.. शेवटचं विचारतो.. हे आपल्यातच राहतं ना..'

मॅडम केबिनमध्ये होत्या. मी बटणांकडे बघितलंच नाही. आधी लिहिलं, 'सावध राहा'. पुसलं. सावध म्हटलं की माणूस आधी दार बघतो. मग लिहिलं, 'काय झालंय?' तेही पुसलं. त्याने जे विचारलंय त्याचं उत्तर आधी. शेवटी हे गेलं:

'नमस्कार. बऱ्यापैकी आपल्यात, पण पूर्ण नाही. मी माणूस आहे आणि तुमचं मी वाचतो. आमच्या मॅडम दर आठवड्याला थोडे संवाद तपासतात, त्यात तुमचा येऊ शकतो. ही खिडकी बनवणाऱ्या कंपनीच्या मशीनवर ते तीन महिने राहतं, मग पुसलं जातं. तुम्ही जिथे काम करता तिथे आम्ही हे पाठवत नाही. तुमचं नाव मला दिसत नाही, सांगायची गरजही नाही. त्याशिवायही विचारता येईल.'

तीन ठिपके हलायला लागले.

'पहिल्यांदा कुणीतरी सरळ बोललं..'

आता पुढची पंचाईत. हा दर वेळी जेवणाच्या सुट्टीत येतो, एकाच मशीनवरून. मशीन कामावरचं असावं, असा मला वास येत होता. विचारलं नाही तर लबाडी, विचारलं तर घाबरेल. मी लिहिलं, 'एक साधी गोष्ट विचारू? हा तुमचा स्वतःचा फोन आहे, की कामावरचा कॉम्प्युटर?'

'क्रेनच्या यार्डातला.. तिघं वापरतो, पाळीपाळीने..'

झालं! आमची खिडकी त्या मशीनवर उघडली की आधीचं बोलणं तसंच वर दिसतं. म्हणजे याच्यानंतर जो खुर्चीत बसेल, त्याने चुकून आमची वेबसाइट उघडली की सगळं समोर. बटणाची शंभर टक्के गोपनीयता त्या खुर्चीवरच संपत होती.

'बरं. आत्तापर्यंत तुम्ही फक्त प्रश्न विचारलाय, त्यात तुमचं काहीच नाही. पण पुढचं तिथून नको. त्या मशीनवर आमची खिडकी पुन्हा उघडली तर हे दिसू शकतं. वर उजवीकडे 'संवाद संपवा' आहे ते दाबा, आणि ब्राउजरची हिस्टरी पुसा. आमच्याकडची प्रत तरीही राहील, ते मघाशी सांगितलंच. मग स्वतःच्या फोनवरून या, यार्डाचं वायफाय बंद करून. मी सहापर्यंत आहे.'

तिकडून संवाद संपला. ढापणी म्हणाली, "काका, घाबरवलंत त्याला."

"गप गं," मी म्हणालो. पण मलाही तेच वाटत होतं. चहा थंड झाला. मी दर मिनिटाला खिडकीकडे बघत होतो, जसं काही मुलीला बघायला पाहुणे यायचेत.

साडेपाचला नवा नंबर आला, सत्तेचाळीस. आणि ते दोन ठिपके!

'नमस्कार.. मी तोच.. फोन माझा आहे..'

मग त्याने सांगितलं. तो क्रेन चालवतो. डाव्या कानात शिट्टी वाजते. खालून माणूस ओरडला की आवाज कुठून आला ते कळत नाही. गेल्या आठवड्यात एक जण थोडक्यात वाचला. तपासून घ्यायचंय. पण यार्डाला कळलं तर क्रेनवरून उतरवतील, आणि त्याला दुसरं काही येत नाही.

'इथे तपासलं तर यार्डाला कळतं का..'

हे मला पक्कं माहीत नव्हतं. अंदाजपंचे 'नाही' म्हणायला बोटं शिवशिवत होती. त्याऐवजी लिहिलं, 'मला नक्की माहीत नाही. डॉक्टरांना तुमचं नाव न घेता विचारून सांगतो. दहा मिनिटं थांबाल?'

'थांबतो..'

डॉक्टर कुणाच्या तरी कानात वाकून बघत होते. न बघताच म्हणाले, "यार्डाने पाठवलं आणि यार्डाने पैसे भरले, तर सही घेऊन रिपोर्ट यार्डाला जातो. स्वतः आला तर रिपोर्ट त्याच्या हातात. मी परस्पर कुणाला फोन करत नाही."

"आणि कान खरंच गेला असेल तर?"

"तर क्रेनवर बसू नको, हे त्याच्या तोंडावर सांगेन. तरी बसलाच आणि खाली माणसं असतील, तर गप्प बसणं मला जमणार नाही. पण आधी त्यालाच सांगेन."

परत येताना वाटलं, ते 'गप्प बसणं जमणार नाही' गाळावं. बिचारा उगाच बिथरेल. पण वकिलाचे पंधरा तोफगोळे आणि ढापणीची दोन फुलं, दोन्ही डोळ्यांसमोर आली. मी सगळं लिहिलं, डॉक्टर म्हणाले तसंच, ते वाक्यसुद्धा. खाली एवढंच जोडलं, 'शिट्टी वाजते म्हणजे कान गेलाच असं नाही. बऱ्याच वेळा साधं कारण निघतं. बघितल्याशिवाय मीही सांगू शकत नाही.'

मग:

'म्हणजे डॉक्टर आधी मला सांगतील..'

'हो. आधी तुम्हाला.'

'मग येतो.. बुधवारी..'

शुक्रवारी मॅडमनी हाच संवाद काढला. पूर्ण वाचला, पहिल्यांदाच खालच्या आवाजात. मग लाल खूण केली. "मंजूर उत्तर नाही, काका. नियम म्हणजे नियम. सोमवारपासून काउंटर."

"मॅडम, तो आला ना पण!"

"आला. म्हणून उत्तर मी वरच्यांकडे मंजुरीला पाठवलंय. मंजूर होईपर्यंत काउंटर."

हे ऐकून माणसाने हसावं की केस उपटावेत? केस कमी उरलेत म्हणून मी हसलो.

बुधवारचं सांगायचं राहिलं. मी चहा आणायला बाहेर गेलो, तर बाकावर एक जण बसलेला. राकट हात, घट्ट धरलेला फोन. काउंटरवरून हाक आली तेव्हा त्याने उजवा कान पुढे केला. अरे, तोच की! माझ्या तोंडात 'काय एक्केचाळीस, आलात का?' असं आलंच होतं. आयुष्यभर जो माणूस गप्प बसला नाही, त्याच्यासाठी याहून मोठी शिक्षा नाही. त्याला मी ठाऊक नव्हतो, आणि शेजारी चार माणसं होती.

त्याने माझ्याकडे बघितलं. "साहेब, इथे त्या खिडकीत कोण बसतं हो?"

चारही माना माझ्याकडे वळल्या.

"कोण जाणे," मी म्हणालो, आणि चहा घेऊन चालता झालो. जीभ दाताखाली धरलेली होती, ती संध्याकाळपर्यंत दुखत होती.