सहा टक्क्यांचा उन्हाळा

मोटरच्या कारखान्यात ती तपासणीच्या टेबलावर बसायची आणि तिचे बाबा पलीकडच्या शेडमध्ये वाइंडिंग करायचे, म्हणजे मोटरीच्या खाचांत तांब्याची तार भरायचे. त्यांच्या शेजारी बसून काम शिकलेल्या, ताडमाड उंच कारागिराला सगळे लंबू म्हणत. महिन्यापूर्वी या दोघांच्या हाताखालून गेलेल्या दोन मोटरी गिऱ्हाइकाकडे जळाल्या. कोणती कोणी भरली याची नोंद नव्हती. बाबांची अठ्ठावीस वर्षं आणि लंबूची चार. साहेबांनी लंबूला घरी बसवलं.

"काका, मी काम नीट केलं होतं. तुम्ही तरी सांगा," लंबू म्हणाला होता. बाबा खाली मान घालून सुतळी बांधत राहिले.

आज बाबांनी भरलेली नवी मोटर टेबलावर आली. तिने कॉइलच्या दोन टोकांना चिमटे लावले. मीटरने २.६८ ओहम दाखवलं. कागदावर, वीस अंशाला, २.०० लिहिलेलं होतं.

शेडमध्ये पस्तीस अंश होते. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, हे तिला माहीत होतंच. त्या दोन मोटरींचेही असेच आकडे आले तेव्हा तिने वहीत 'उन्हाळा, तार गरम' असं लिहून त्या पुढे पाठवल्या होत्या. आज मात्र पलीकडच्या शेडमधली लंबूची रिकामी खुर्ची समोर दिसत होती. तिने पेन्सिल घेतली.

दर अंशाला साधारण शेकडा शून्य पूर्णांक चार. पंधरा अंशांचे सहा टक्के. म्हणजे २.१२. उन्हाच्या माथी एवढंच मारता येत होतं. मग उरलेलं कुठून आलं?

तार लांब असती तर रोध वाढला असता, पण वेढे मोजणाऱ्या यंत्राचा आकडा चोख होता. जास्तीचे वेढे खाचेत मावलेही नसते. उलट खाचेत तार सैलच होती. तांबं तेच, त्याच कंपनीचं. राहिली जाडी.

तिने टोकावरचं इनॅमलचं आवरण खरवडलं आणि मायक्रोमीटर लावला. ०.९० मिलिमीटर हवी होती, भरली ०.८० ची. दिसायला केसाएवढा फरक, पण जाडीचा वर्ग करायचा असतो. तांब्याचा छेद एकवीस टक्क्यांनी कमी, रोध सव्वापटीहून जास्त. तेवढाच प्रवाह गेला की तार अधिक तापणार, तापली की रोध आणखी वाढणार, आणि तो वाढला की आणखी तापणार. त्या दोन मोटरी अशाच गेल्या असणार.

आणि लंबू तर महिनाभर कारखान्यात नव्हता.

ती बाबांकडे गेली. "बाबा, २.६८ आलंय."

"उकाडा काय कमी आहे? सकाळी गारव्यात बघ."

तिला तेवढाच धीर हवा होता. दुसऱ्या दिवशी ती पहाटेच आली. तापमान एकवीस. मीटर २.५४ वर थांबलं. २.०१ च्या आसपास यायला हवं होतं.

बाबा डबा ठेवत होते. तिने तारेचे दोन तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले. "यातली जाड कुठली?"

त्यांनी तुकडे डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, मग बोटांत फिरवले. पण बोटांनाही अठ्ठावीस वर्षांचे घट्टे होते.

"ही," ते म्हणाले. ती बारीक होती.

तिने तुकडे परत घेतले. मग बाबाच बोलले. "तारेच्या रिळावरची चिठ्ठी वाचता येत नाही गं. पावसाळ्यापासून. डोळ्याचा पडदा गेलाय, परत यायचा नाही म्हणे डॉक्टर."

"लंबूला काढलं तेव्हा?"

"शंका होती." ते खुर्चीवर बसले. "खात्री नव्हती. तेवढ्यावर मी गप्प बसलो, पोरी."

"मीही गप्पच बसले, बाबा. गणित करायला दोन मिनिटं लागतात. मी उन्हाळ्याचं नाव लिहून मोकळी झाले."

दोघं साहेबांकडे गेली. बाबांनी सगळं स्वतः सांगितलं. तिनेही आपली वही पुढे केली. साहेबांनी वही मिटली आणि ते म्हणाले, "लंबूला बोलवा परत."

संध्याकाळी दोघं लंबूच्या खोलीवर गेली. दारात बांधलेली दोन गाठोडी होती. लंबूच्या बायकोने पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही.

बाबांनी हात जोडले. "चूक माझी होती. साहेबांनी बोलावलंय."

लंबूने त्यांचे हात खाली केले. "काका, मोटर जळते, माणसाच्या हातून होतं. तुम्ही नुसतं 'मला माहीत नाही' म्हणाला असतात, तरी मला पुरलं असतं." त्याने गाठोड्याची गाठ आवळली. "गल्लीत पोरं चोर म्हणतात मला, कारखान्यातली तार विकून खाल्ली म्हणून. उद्या सकाळची गाडी आहे."

"पत्ता तरी दे," ती म्हणाली.

"कशाला, ताई?"

दार हळूच लागलं.

साहेबांनी कारखान्याच्या वहीतल्या लंबूच्या गावच्या पत्त्यावर पत्र टाकलं. ते तसंच परत आलं. बाबा पुन्हा शेडमध्ये गेले नाहीत. दिवसभर ते ओट्यावर बसून असतात. कोणी उंच माणूस रस्त्याने जाताना दिसला की तिला विचारतात, "कोण गं तो?" आणि तिला दर वेळी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव सांगावं लागतं.